डायरेक्टर्स रिपोर्ट वाचताना शेजारी काय ठेवायचं

प्रश्न: मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. सासरे गेल्यावर इथल्याच एका कंपनीचे ६०० शेअर माझ्या नावावर झाले. दरवर्षी वार्षिक अहवालाचं दोनशे पानी पुस्तक येतं. सगळे म्हणतात, फक्त डायरेक्टर्स रिपोर्ट वाचा, वर्ष कसं गेलं, डिव्हिडंड किती, पुढे काय, सगळं त्यातच असतं. पण तो वाचायचा कसा? मी कॉमर्सची नाही.

उत्तर:

ताई, सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच दिलाय. मी कंपनी सेक्रेटरी. असे रिपोर्ट लिहिण्यातच माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. त्यात खोटं सहसा नसतं. कायदा कडक आहे आणि खाली संचालकांच्या सह्या असतात. मात्र कोणती गोष्ट पहिल्या पानावर ठळक टाकायची आणि कोणती पुढे कुठेतरी एका ओळीत उरकायची, हे कंपनीच्या हातात असतं. म्हणून तो एकटा वाचू नका. शेजारी तीन कागद ठेवा: याच कंपनीचा गेल्या वर्षीचा डायरेक्टर्स रिपोर्ट, याच पुस्तकातलं कॅश फ्लो स्टेटमेंट आणि याच पुस्तकातला ऑडिटरचा रिपोर्ट. गेल्या वर्षीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर कंपनीच्या किंवा शेअर बाजाराच्या वेबसाइटवर मिळेल.

आणि सुरुवातीला चेअरमनचं फोटोसकट पत्र असतं, ते म्हणजे डायरेक्टर्स रिपोर्ट नव्हे. ते पत्र कोणत्याही कायद्याने मागितलेलं नाही, त्यात काय लिहावं याचं बंधन नाही. डायरेक्टर्स रिपोर्ट, काही पुस्तकांत त्याला बोर्ड्स रिपोर्ट म्हणतात, हा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३४ खाली द्यावाच लागतो आणि त्यात कोणकोणते मुद्दे हवेत हे तिथे लिहिलेलं आहे. लिस्टेड कंपनीत त्याला जोडून ‘मॅनेजमेंट डिस्कशन अँड अॅनालिसिस’ नावाचं प्रकरण असतं. ते सेबीच्या नियमांमुळे येतं. पुढचं चित्र बहुतेक त्यातच सापडतं.

आता एक उदाहरण घेऊन बसू. कंपनी कल्पित आहे, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेत. पण असे रिपोर्ट दर सीझनला हातात येतात. समजा, मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारी लिस्टेड कंपनी आहे. एकूण शेअर ५ कोटी, दर्शनी किंमत २ रुपये, बाजारभाव ३८० च्या आसपास. वर्ष २०२४-२५.

रिपोर्ट उघडला की पहिल्यांदा एक छोटा तक्ता दिसतो, दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी. त्याखाली मजकूर: कंपनीचं एकूण उत्पन्न ४०४ कोटींवरून ४४३ कोटींवर गेलं, करपश्चात नफा ३५ कोटींवरून ४५ कोटींवर गेला, म्हणजे जवळपास २९ टक्के वाढ. वाचून बरं वाटतं. पण मजकूर सोडून तक्त्याकडे परत या आणि ‘एकूण उत्पन्न’ या ओळीच्या वर पाहा. तिथे दोन ओळी असतात, ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’ आणि ‘अदर इन्कम’. पहिली ओळ धंद्याची: ३९८ वरून ४१२ कोटी, साडेतीन टक्के वाढ. दुसरी इतर उत्पन्नाची: ६ वरून एकदम ३१ कोटी. मजकुरात पहिल्या ओळीचा टक्का दिलेलाच नाही. वाक्य लिहिणाऱ्याने जी बेरीज छान दिसते ती उचलली. मीही तेच केलं असतं, त्यात बेकायदा काही नाही.

इतर उत्पन्न एवढं कशाने वाढलं, हे त्या उत्पन्नाच्या नोटमध्ये मिळतं. ती नोट मागे हिशेबांमध्ये असते, आणि नफा-तोट्याच्या पत्रकात त्या ओळीसमोर तिचा नंबर छापलेला असतो. आपल्या कंपनीत तिथे ‘जमीन विक्रीवरील नफा’ २२ कोटी असं लिहिलंय. ही वर्षाची खरी ठळक घटना. करापूर्वीचा नफा ४७ वरून ५८ कोटी झाला खरा, पण त्यातून जमिनीचे २२ काढले तर ३६ उरतात. म्हणजे व्हॉल्व्ह विकून मिळणारा नफा चौथाईने घसरलाय आणि रिपोर्टमध्ये शब्द आहे ‘वाढ’. काही कंपन्या असा एकदाच होणारा नफा ‘एक्सेप्शनल आयटम’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवतात. तिथे ही उलगड तक्त्यातच होऊन जाते.

तक्ता वाचताना आणखी एक पाहा, आकडे ‘स्टँडअलोन’ आहेत की ‘कन्सॉलिडेटेड’. हा रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे स्टँडअलोन हिशेबांवर आधारलेला असावा असा नियम आहे. उपकंपन्यांचं त्यात थोडक्यात येतं. पेपरात येणारा बातमीचा आकडा बऱ्याचदा सगळ्या समूहाचा असतो. दोन्हींची गल्लत झाली की तुम्ही उगाच गोंधळाल. आणि डिव्हिडंड निघतो तो या एकट्या कंपनीच्या नफ्यातून, म्हणून तुमच्या दृष्टीने स्टँडअलोन आधी.

आता डिव्हिडंड. तुमच्यासारख्या घरांत पुस्तक उघडतं ते यासाठीच, तेव्हा इथे जरा सावकाश जाऊ.

आपल्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: वर्षभरात प्रति शेअर १ रुपया अंतरिम डिव्हिडंड दिला, आता ३ रुपये अंतिम डिव्हिडंडची शिफारस करत आहोत, मिळून ४ रुपये म्हणजे २०० टक्के. हा २०० टक्का ऐकून बाजारात लोक हरखतात. तो दर्शनी किमतीवर मोजलेला आहे, म्हणजे २ रुपयांवर. तुमच्या ६०० शेअरवर वर्षाचे २,४०० रुपये. शेअर आज ३८० ला मिळत असेल तर चार रुपये म्हणजे जेमतेम एक टक्का. टक्केवारी वाचूच नका, रुपये वाचा.

‘शिफारस’ हा शब्दही साधा नाही. अंतरिम डिव्हिडंड संचालक मंडळ स्वतः जाहीर करतं. अंतिम डिव्हिडंडची ते फक्त शिफारस करतं, तो मंजूर होतो वार्षिक सभेत, तुमच्या मतांनी. सभा तो कमी करू शकते, वाढवू शकत नाही. सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे मार्चला हिशेब बंद करणाऱ्या कंपनीची ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. एकदा सभेने मंजुरी दिली की ते कंपनीवरचं देणं होतं आणि ३० दिवसांत द्यावंच लागतं, उशीर झाला तर १८ टक्के व्याज. हा पैसा तुमच्या उत्पन्नात धरला जातो. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा कर कंपनीऐवजी घेणाऱ्याकडे आलाय. एका कंपनीकडून वर्षभरात १०,००० रुपयांपर्यंत डिव्हिडंड असेल तर २०२५-२६ पासून टीडीएस कापला जात नाही. तुमचे २,४०० त्यात बसतात.

डिव्हिडंडच्या जवळच एक वाक्य बहुतेक रिपोर्टमध्ये भेटतं: ‘संचालक मंडळाने यंदा जनरल रिझर्व्हमध्ये कोणतीही रक्कम वर्ग न करण्याचे ठरवले आहे.’ बरेच जण ते वाचून घाबरतात. घाबरू नका. १९५६ च्या जुन्या कायद्यात डिव्हिडंड देताना नफ्याचा ठराविक भाग राखीव निधीत टाकावा लागायचा, २०१३ च्या कायद्यात तो ऐच्छिक झाला. न वर्ग केलेला नफा कंपनीतच राहतो, फक्त खात्याचं नाव वेगळं. याच्या उलट ‘राखीव निधीतून काढून डिव्हिडंड’ असं वाक्य दिसलं तर मात्र थांबा. त्याचा अर्थ यंदाचा नफा पुरलेला नाही. ते करता येतं, पण काढण्यावर मर्यादा आहेत, आणि असं वाक्य लिहिताना कोणत्याही सेक्रेटरीचा हात जड होतो.

आता मुख्य प्रश्न: हे चार रुपये आले कुठून? इथे कॅश फ्लो स्टेटमेंट काढा. त्याचे तीन भाग असतात, धंद्यातून आलेला पैसा, गुंतवणुकीत गेलेला-आलेला पैसा, आणि कर्ज-डिव्हिडंड वगैरेचा पैसा. शेवटच्या भागात ‘डिव्हिडंड पेड’ अशी ओळ असते. आपल्या कंपनीत ती साडेसतरा कोटी दाखवते. तुम्ही म्हणाल, चार रुपये गुणिले पाच कोटी शेअर म्हणजे वीस कोटी व्हायला हवेत, मग ही चूक? चूक नाही. वर्ष संपल्यावर सुचवलेला डिव्हिडंड त्या वर्षाच्या ताळेबंदात देणं म्हणून धरतच नाहीत, नव्या हिशेब पद्धतीत तसा नियम आहे. म्हणून यंदा बँकेतून जे गेले ते गेल्या वर्षीच्या अंतिम डिव्हिडंडचे अडीच रुपये आणि यंदाच्या अंतरिमचा एक रुपया, मिळून साडेतीन. यंदाच्या अंतिमचे तीन रुपये पुढच्या वर्षीच्या कॅश फ्लोमध्ये दिसतील. ही जुळणी स्वतः एकदा करून पाहा, वहीत दोन ओळींचं काम आहे. ती जुळली की तुम्ही योग्य पानावर आहात याची खात्री पटते.

मग वरच्या भागात जा. धंद्यातून आलेला पैसा गेल्या वर्षी ३९ कोटी होता, यंदा १४. साडेसतरा कोटी डिव्हिडंडला गेले, १९ कोटी मशिनरीला गेले, मिळून साडेछत्तीस, आणि धंद्याने दिले चौदा. उरलेला खड्डा कोणी भरला? मधल्या भागात जमीन विक्रीचे २४ कोटी आलेले दिसतात. म्हणजे घरातलं सोनं विकून पाहुणचार झालाय. कायद्याने हे चालतं, जमिनीचा नफा प्रत्यक्ष हातात आलेला आहे आणि तो वाटता येतो. पण हाच डिव्हिडंड दरवर्षी मिळेल हे मनात धरून खर्चाचं गणित मांडू नका. जमीन एकदाच विकता येते. रिपोर्टमध्ये लिहिलं असेल, ‘नफ्याच्या ४४ टक्के वाटप’. वीस भागिले पंचेचाळीस, गणित बरोबर आहे. जमीन वगळली तर करानंतरचा नफा सत्तावीसेक कोटी येतो, आणि मग तेच वाटप पाऊण भागाच्या घरात जातं.

बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना डिव्हिडंड वाटपाचं धोरण जाहीर करावं लागतं. रिपोर्टमध्ये त्याची वेबसाइटची लिंक असते. धोरणात एकरकमी नफा वाटपात धरायचा की नाही हे स्पष्ट लिहिणाऱ्या कंपन्या मला आवडतात. बहुतेक धोरणं इतकी सैल असतात की त्यांत सगळंच बसतं.

धंद्याचा पैसा ३९ वरून १४ का झाला, याचं उत्तर ताळेबंदात येणे बाकीच्या ओळीत आहे. ग्राहकांकडून येणं ९६ कोटींवरून १३१ कोटींवर गेलं, विक्री मात्र जवळपास तेवढीच. सोप्या हिशेबात, आधी माल विकल्यापासून पैसे यायला ८८ दिवस लागत, आता ११६. सेबीच्या नियमाने काही ठराविक गुणोत्तरांत २५ टक्के किंवा अधिक बदल झाला तर कंपनीला मॅनेजमेंट डिस्कशनमध्ये कारण द्यावं लागतं. येणं वसूल होण्याचा वेग, म्हणजे डेटर्स टर्नओव्हर, त्यांपैकीच एक. आपल्या कंपनीत ते गुणोत्तर ४.१५ वरून ३.१५ वर आलंय, घसरण २४ टक्के. एका टक्क्याने कारण द्यायचं वाचलं आणि रिपोर्टमध्ये चकार शब्द नाही. म्हणून त्या तक्त्यात नुसतं कारण दिलेल्या ओळी वाचून थांबू नका, कारण न दिलेल्यांतही डोकावा.

आता तिसरा कागद, ऑडिटरचा. डायरेक्टर्स रिपोर्टमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: ऑडिटरच्या अहवालात कोणतीही क्वालिफिकेशन, रिझर्व्हेशन, अॅडव्हर्स रिमार्क किंवा डिस्क्लेमर नाही, म्हणजे त्याने हिशेबांवर हरकत घेतलेली नाही. तसं काही असतं तर संचालकांना त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं. वाक्य खरं आहे. पण त्या चार शब्दांत ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ येत नाही. ऑडिटर हिशेब मान्य करतो आणि तरी एका नोटकडे लक्ष द्या म्हणून वेगळा परिच्छेद लिहितो, त्याला हे नाव आहे. आपल्या कंपनीत तो परिच्छेद सांगतो की एका मोठ्या ग्राहकाकडे अडकलेल्या १८ कोटींचा वाद लवादापुढे आहे आणि कंपनीने त्यासाठी तरतूद केलेली नाही, म्हणजे ते बुडाले तर म्हणून नफ्यातून काही बाजूला काढलेलं नाही. आता ११६ दिवसांचा उलगडा थोडा झाला. सोबत ‘की ऑडिट मॅटर्स’ या मथळ्याखालीही पाहा. ऑडिटरने सगळ्यांत जास्त वेळ कुठे घातला ते तिथे कळतं, आणि येणे वसुली तिथे असेल तर तुम्ही योग्य धाग्यावर आहात.

‘मटेरियल चेंजेस’ हा मथळा छोटा असतो, पण चुकवू नका. ३१ मार्च ते रिपोर्टवर सही झालेली तारीख, या मधल्या काळात कंपनीच्या आर्थिक स्थितीवर परिणाम करणारं काही घडलं असेल तर ते तिथे लिहावं लागतं. दहातल्या नऊ रिपोर्टमध्ये ‘काही नाही’ असतं. म्हणूनच जिथे काही लिहिलंय तिथे प्रत्येक शब्द मोलाचा. आपल्या कंपनीत लिहिलंय की एप्रिलमध्ये बडोद्याजवळच्या सावली इथल्या नव्या कारखान्यासाठी ६० कोटींचं मुदत कर्ज मंजूर झालं. ताळेबंदात हे कर्ज दिसणार नाही, कारण ताळेबंद ३१ मार्चचा. पण पुढच्या वर्षी व्याज येणार, आणि डिव्हिडंडशी त्याची ओढाताण होणार.

राहिलं पुढचं चित्र. इथे गेल्या वर्षीचा रिपोर्ट उघडा आणि ‘आउटलुक’ हे मथळे समोरासमोर ठेवा. गेल्या वर्षी होतं: ‘सावलीचा कारखाना डिसेंबर २०२४ पर्यंत सुरू होईल. सध्या हाती ३१० कोटींच्या ऑर्डर आहेत.’ यंदा आहे: ‘सावलीचा प्रकल्प चांगल्या गतीने पुढे जात असून मार्च २०२६ पर्यंत उत्पादन अपेक्षित आहे. ऑर्डर बुक समाधानकारक आहे.’ यंदाचंच वाचलं तर सगळं ठीक वाटतं. दोन्ही वाचली की पंधरा महिन्यांचा उशीर दिसतो, आणि तो ‘उशीर’ हा शब्द कुठेही न वापरता सांगितलाय. आणि गेल्या वर्षीचा ३१० चा आकडा कुठे गेला? आकडा जाऊन त्याच्या जागी विशेषण आलं की मी पेन्सिलने कडेला खूण करतो. कंपनीकडे आकडा आहेच, सांगायचा नाही एवढंच. ऑर्डर वाढल्या असत्या तर पहिल्या परिच्छेदात ठळक छापला असता.

देशाची अर्थव्यवस्था, जागतिक परिस्थिती, उद्योगाचा आकार यांवरची पहिली दोन पानं तुम्ही बेधडक सोडा. ती कुठल्याही व्हॉल्व्ह कंपनीच्या रिपोर्टमध्ये सारखीच सापडतील. त्यानंतरची ‘रिस्क्स अँड कन्सर्न्स’ मात्र गेल्या वर्षीशी ताडून पाहा. दहा जुनी कलमं तशीच असतात. अकरावं नवं कलम आलं असेल, जसं ‘काही ग्राहकांवर जास्त अवलंबन’, तर ते कोणीतरी आग्रह धरून घालायला लावलंय असं समजा.

बडोद्याच्या घरांत बँक ऑफ बडोदाचेही शेअर असतात, म्हणून एक सांगून ठेवतो. ती राष्ट्रीयीकृत बँक १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली चालते, त्यामुळे तिच्या डायरेक्टर्स रिपोर्टची मांडणी वर सांगितल्यासारखी असेलच असं नाही, आणि बँकेचा कॅश फ्लो असा वाचताही येत नाही. तिथे थकीत कर्जांपासून सुरुवात करा.

सासऱ्यांच्या वेळचे डिव्हिडंड वटवायचे राहिले असतील तर रिपोर्टमधला ‘अनक्लेम्ड डिव्हिडंड’चा परिच्छेदही वाचा. सात वर्षं न घेतलेला डिव्हिडंड सरकारच्या आयईपीएफ निधीत जातो, आणि सलग सात वर्षं घेतला नसेल तर शेअरही तिकडे जातात. परत मिळतात, पण फॉर्म भरून आणि बरेच कागद जोडून. कोणत्या वर्षाचा डिव्हिडंड कधी जाणार आहे याचा तक्ता बहुतेक पुस्तकांत असतो, त्यातली पहिली तारीख आधी बघा.

एवढं झाल्यावर एक प्रश्न तयार ठेवा. सभेच्या नोटिशीत भागधारकांनी प्रश्न कोणत्या ईमेलवर आणि किती दिवस आधी पाठवायचे ते लिहिलेलं असतं. आपल्या कंपनीला मी असं लिहिलं असतं, फोलिओ किंवा डीमॅट नंबर देऊन: ‘२०२४-२५ मध्ये जमीन विक्रीचा नफा वगळता करपश्चात नफा किती? सुचवलेला ३ रुपये डिव्हिडंड धंद्याच्या रोखीतून दिला जाणार की सावलीसाठी घेतलेलं कर्ज वाढणार? गेल्या वर्षी ऑर्डर बुक ३१० कोटी होतं, ३१ मार्च २०२५ ला किती होतं?’